हाताखालच्या माणसाबद्दल नवीन कंपनीची विचारणा आली, तर उत्तर कसं लिहायचं

‘तुमच्याकडे काम केलेल्या अमुक यांनी आमच्याकडे अर्ज केला आहे. संदर्भ म्हणून तुमचं नाव दिलं आहे. कृपया अभिप्राय कळवावा.’ अशी मेल आली की बहुतेक मॅनेजर चहा संपायच्या आत उत्तर पाठवून मोकळे होतात: मेहनती आहे, प्रामाणिक आहे, टीममध्ये मिळून मिसळून काम करते, पुढील वाटचालीस शुभेच्छा. यात कुणाचं वाईट केलं असं वाटत नाही. पण हीच चार वाक्यं सुमार माणसाबद्दलही लिहिली जातात, त्यामुळे वाचणारा एचआर ती डोळ्यांआड करतो. ज्याचं काम खरोखर चांगलं होतं त्याचंच यात नुकसान होतं, कारण त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही असूनही ते सांगितलंच गेलं नाही.

चांगलं उत्तर एका पानाचं असतं आणि लिहायला दीड-दोन तास लागतात. ते कसं तयार करायचं हे एका उदाहरणावरून पाहू. चाकणच्या पट्ट्यातल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात चार वर्षं काम केलेली क्वालिटी इंजिनिअर घ्या. तिने वाळूजच्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी अर्ज केलाय आणि तुम्ही तिचे माजी क्वालिटी मॅनेजर आहात. तिचं काम उत्तम होतं, पण एक उणीवही होती. खरी परीक्षा अशाच माणसाबद्दल लिहिताना असते.

आधी विचारणारा कोण ते बघा

मेल कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आलीय की कुठल्या मोफत मेल खात्यावरून, हे पहिल्यांदा तपासा. हल्ली बऱ्याच कंपन्या ही पडताळणी बाहेरच्या एजन्सीकडे देतात. अशा एजन्सीकडे उमेदवाराने सही केलेलं संमतिपत्र असतं. ते मागितलं तर त्यांना राग येत नाही, उलट लगेच पाठवतात. संमतिपत्र दिसल्याशिवाय पगार, हजेरी, रेटिंग यातलं काहीही सांगू नका. फोन आला असेल तर ‘तुमच्या ऑफिसच्या नंबरवर मी उलट फोन करतो’ म्हणा आणि नंबर त्यांच्या वेबसाइटवरून घ्या, त्यांनी सांगितलेला नव्हे.

मग त्या मुलीला एक फोन करा. ‘तुझं नाव घेऊन विचारणा आली आहे, मी उत्तर देतोय, चालेल ना?’ एवढं पुरे. यामागे शिष्टाचारापेक्षा मोठं कारण आहे. कदाचित तिने नोकरी बदलायचा विचार सध्याच्या ठिकाणी अजून सांगितलेला नसेल आणि तुमच्या एका मोकळ्या उत्तराने ती गोष्ट भलत्या कानावर जाईल. त्याच फोनमध्ये नव्या जागेचं कामाचं स्वरूप मागून घ्या. ते हातात नसेल तर तुम्ही तिचे जे गुण लिहाल ते त्या खुर्चीच्या कामाचे आहेत की नाहीत, हे कळणारच नाही.

तिसरी चौकशी तुमच्या स्वतःच्या एचआरकडे करा. काही कंपन्यांचा नियम असतो की बाहेर फक्त हुद्दा आणि तारखा सांगायच्या, बाकी काही नाही. असा नियम असेल तर तो मोडून उपकार करायला जाऊ नका. ‘कंपनीच्या धोरणानुसार एवढंच सांगता येतं, सगळ्यांच्याच बाबतीत तसं आहे’ हे वाक्य मात्र उत्तरात जरूर घाला. नाहीतर नुसत्या तारखा पाहून समोरच्याला वाटतं की काहीतरी लपवलं जातंय.

आठवणीवर विसंबू नका, कागद काढा

माणूस गेल्यावर त्याचे शेवटचे दोन महिने सगळ्यात ठळक आठवतात, आणि ते बहुतेक वेळा नोटीस पिरियडचे असतात. कामात मन नसतं, हँडओव्हरवरून कुरबुर झालेली असते, ऐन ऑडिटच्या तोंडावर ती सोडून गेली म्हणून तुम्हीही थोडे दुखावलेले असता. चार वर्षांचं मोजमाप या दोन महिन्यांवर होऊ नये, म्हणून लिहायच्या आधी जुने कागद समोर ठेवा: तिची दरवर्षीची अप्रेझल्स, ग्राहकांच्या तक्रारींवर तिने केलेले एट-डी, म्हणजे कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारे रिपोर्ट, तिच्या कामाबद्दल इतरांनी तुम्हाला पाठवलेल्या मेल. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा आणि तुमच्या हाताखाली प्रत्यक्ष किती काळ होती, हे एचआरकडून तपासून घ्या. तिच्या बायोडेटातली तारीख आणि तुमची तारीख यात एका महिन्याचा जरी फरक पडला, तरी तिच्यावर नसता संशय येतो.

हे कागद चाळताना एका कोऱ्या पानावर फक्त घटना लिहा, विशेषणं नकोत. ‘हुशार’ असं मनात आलं तर स्वतःला विचारा, हे मला कधी वाटलं? त्याचं उत्तर म्हणजे एक घटना असते, आणि पत्रात तीच जाणार आहे.

एक गुण, एक घटना, सगळ्या तपशिलासह

सहा गुणांची यादी देण्यापेक्षा दोन गुण नीट दाखवा. नव्या जागेचं काम पुरवठादारांकडे जाऊन तक्रारींचं मूळ शोधायचं आहे, तर तिचा मूळ कारणापर्यंत जायचा गुण पहिला घ्यायला हवा. त्याची घटना तुमच्या पानावर अशी असेल.

ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये बेअरिंग घट्ट बसू लागलं, काही पीस तर बसेनातच. बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं भोक, ६० मिमीचा, टॉलरन्स वरच्या बाजूला ३० मायक्रॉन, म्हणजे ६०.००० ते ६०.०३० च्या आत. आपल्याकडच्या नोंदींत सगळे पीस पास. लाइनवर सगळ्यांचं मत झालं की ग्राहकाचं बेअरिंगच मोठं आहे. हिने तक्रारीतल्या पिसांचे बॅच नंबर लावून पाहिले, तर सगळे सेकंड शिफ्टचे. मग ती दोन दिवस सेकंड शिफ्टला थांबली आणि तिथल्या एका ऑपरेटरशी बोलली. त्या शिफ्टला एक माणूस कमी होता, म्हणून गरम पाण्याच्या वॉशिंग मशीनमधून निघालेला पीस लगेच एअर गेजवर जात होता. फर्स्ट शिफ्टला तोच पीस अर्धा तास ट्रेमध्ये पडून निवायचा. तिने गेजवर पास झालेले काही पीस बाजूला ठेवले आणि तासाभराने पुन्हा मोजले. ६०.००८ दाखवलेला पीस ५९.९८७ वर आला होता. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन प्रसरण पावतं. पीस खोलीपेक्षा १५ अंश गरम असेल तर ६० मिमीच्या बोअरमध्ये सुमारे २१ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे टॉलरन्सचा दोन तृतीयांश भाग नुसत्या उष्णतेने खाल्ला जात होता.

त्यानंतर तिने काय केलं हेही तितकंच महत्त्वाचं. ‘पीस थंड झाल्यावरच मोजा’ असा बोर्ड लावून ती थांबली नाही, कारण सेकंड शिफ्टला बोर्ड वाचायला कुणी नव्हतं. ऑपरेटरशी बोलून तिने वॉशिंग आणि गेज यांच्यामध्ये ट्रेचा रॅक बसवून घेतला, म्हणजे पीस निवेपर्यंत पुढे जाणारच नाही. त्यानंतर ही तक्रार परत आली नाही.

आता यातलं पत्रात किती जायचं? इथे मॅनेजर दोन टोकांना चुकतात. एकजण ‘समस्या सोडवण्यात निष्णात’ एवढंच लिहितो. दुसरा सगळं लिहितो, ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर आणि मापांसकट, आणि स्वतःच्या कंपनीची गुपितं बाहेर देतो. ग्राहक, पार्ट, मापं, रिजेक्शनचे आकडे काढून टाका. ठेवायचं ते असं: परिस्थिती काय होती, इतरांचं मत काय होतं, हिने स्वतः काय केलं, शेवटी काय झालं आणि हे तुम्हाला कसं माहीत आहे. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. ‘मी तेव्हा तिचा रिपोर्टिंग मॅनेजर होतो आणि तो रिपोर्ट मी मंजूर केला’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, ही ऐकीव गोष्ट नाही.

काम टीमचं असेल तर तिचा वाटा वेगळा काढून सांगा. ‘त्यांच्या टीमने रिजेक्शन कमी केलं’ यातून तिच्याबद्दल काहीच कळत नाही. ‘बॅच नंबर लावून पाहायची कल्पना त्यांची, रॅकचं डिझाइन मेंटेनन्सचं’ यातून कळतं, आणि मेंटेनन्सचं श्रेय त्यांच्याकडेच राहतं.

उणिवेचं काय करायचं

आपल्या उदाहरणातली मुलगी कागदपत्रांत मागे पडायची. कारण सापडलं, लाइनवर दुरुस्ती झाली की तिच्या दृष्टीने काम संपायचं. ग्राहकाला द्यायचा एट-डी रिपोर्ट मात्र मुदत उलटून जायचा, नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायच्या पीपॅपच्या फाइली तुम्हाला मागे लागून पूर्ण करून घ्याव्या लागायच्या. आणि सप्लायर क्वालिटीच्या कामात कागदपत्रं भरपूर असतात. म्हणजे उणीव नेमकी नव्या जागेच्या कामाची आहे. ती गाळली तर पत्र अर्धं खोटं होतं. ठसठशीत लिहिली तर चांगल्या माणसाची संधी जाऊ शकते.

उणीव लिहावी की नाही हे मी चार प्रश्नांवर ठरवतो. ती कामाशी संबंधित आहे का? एकदाच घडली की वारंवार दिसली? ती इथे असताना मी हे तिला तोंडावर सांगितलं होतं का? आणि सांगितल्यावर पुढे काय झालं? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात कडक आहे. जी गोष्ट तुम्ही तिला चार वर्षांत कधी बोलला नाहीत, ती तिच्या पाठीमागे परक्या माणसाला सांगायचा तुम्हाला अधिकार नाही, कारण सुधारायची संधीच तिला मिळालेली नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर पत्रात उणिवेच्या शेजारीच लिहायचं. शेवटच्या वर्षी दर शुक्रवारी दुपारी तासभर रिपोर्टसाठी राखून ठेवायचं ठरलं आणि उशीर बराच कमी झाला, हे खरं असेल तर ते सांगायलाच हवं. नव्या मॅनेजरला यातून तिला कसं सांभाळायचं हे कळतं, आणि नुसत्या दोषापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

काही गोष्टी मात्र खऱ्या असल्या तरी लिहायच्या नाहीत. आजारपण, बाळंतपणाची रजा, लग्न, घरची जबाबदारी, युनियनशी संबंध, जात, गाव. ‘लग्नानंतर थोडं लक्ष कमी झालं होतं’ असली वाक्यं आपल्याकडे सहज बोलली जातात, ती पूर्णपणे अन्यायाची आहेत. तिने किंवा तिच्याविरुद्ध कुणी लैंगिक छळाची तक्रार केली असेल, तर त्याचा उल्लेखही नको. २०१३ च्या कायद्याचं कलम १६ अशा तक्रारीचा आणि चौकशीचा तपशील जाहीर करायला मनाई करतं.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना असते, म्हणून तेवढं सांगतो. बदनामीची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, पूर्वी ती दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होती. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान हा तिच्या अपवादांपैकी एक आहे. पण सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू असं कायदा धरत नाही, योग्य काळजी घेऊन केलेलं विधान असं धरतो. म्हणून ज्याला कागदाचा आधार आहे आणि जे तुम्ही स्वतः पाहिलंय तेवढंच लिहा. पैशाच्या अफरातफरीसारखी गंभीर गोष्ट चौकशीत सिद्ध झाली असेल, तर उत्तर तुमच्या नावाने पाठवू नका, एचआर आणि वकिलांकडे सोपवा. नुसता संशय असेल तर तो तुमच्यापाशीच राहू द्या.

आणि कुणाबद्दल मनापासून चांगलं लिहिता येणार नसेल, तर ते त्या माणसाला आधीच सांगा. ‘माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाचं नाव दे, मी फक्त तारखा सांगू शकेन’ हे ऐकायला कडू असतं, पण त्याला दुसरा संदर्भ शोधायला वेळ मिळतो.

उत्तराचा मसुदा

उत्तर बहुधा इंग्रजीत जाईल, तरी आधी मराठीत लिहून पाहा. ठरावीक साच्याची वाक्यं आपोआप गळून पडतात. आपल्या उदाहरणाचा मसुदा असा होईल:

> महोदया,
>
> आपल्या विचारणेनुसार कळवतो. त्यांनी आमच्याकडे चार वर्षं क्वालिटी इंजिनिअर म्हणून काम केलं. त्यातली शेवटची तीन वर्षं त्या थेट माझ्या हाताखाली होत्या. खालील माहिती त्याच काळातल्या माझ्या अनुभवावर आधारित आहे.
>
> त्यांची सर्वांत मोठी ताकद म्हणजे तक्रारीच्या मुळापर्यंत जाणं. एका ग्राहकाच्या तक्रारीत आमच्या सर्व नोंदी बरोबर दिसत होत्या आणि दोष ग्राहकाच्या बाजूला आहे असं आम्हा सर्वांचं मत झालं होतं. त्यांनी बॅचच्या नोंदी जुळवून दोष एकाच शिफ्टमध्ये आहे हे शोधलं, त्या शिफ्टमध्ये प्रत्यक्ष थांबून मोजमापाच्या पद्धतीतली त्रुटी पकडली आणि ती पुन्हा मोजून सिद्ध केली. तो रिपोर्ट मी मंजूर केला. ती तक्रार त्यानंतर आली नाही.
>
> दुसरी गोष्ट, ऑपरेटर त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत. चूक कुणाची हे विचारण्याऐवजी काम कसं चालतं हे त्या विचारत, त्यामुळे लपवली जाणारी माहिती त्यांना मिळायची. वरील त्रुटी एका ऑपरेटरशी झालेल्या बोलण्यातूनच उघड झाली. पुरवठादारांकडे जाऊन करायच्या कामात याचा उपयोग होईल असं मला वाटतं.
>
> लेखी अहवाल वेळेत पूर्ण करणं हा त्यांचा कच्चा दुवा होता. याबद्दल आम्ही बोललो होतो. शेवटच्या वर्षी आठवड्यातला ठरावीक वेळ त्यासाठी राखून ठेवल्यावर उशीर बराच कमी झाला. आपल्याकडे सुरुवातीचे काही महिने मुदतींचा आढावा घेतला तर त्यांना मदत होईल.
>
> आमच्याकडे जागा असेल तर मी त्यांना पुन्हा घेईन, विशेषतः तक्रार निवारणाच्या कामासाठी.

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. ‘पुन्हा घ्याल का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक फॉर्ममध्ये असतो आणि एचआर सगळ्यात आधी तोच बघतो. नुसतं ‘हो’ लिहिण्यापेक्षा कोणत्या कामासाठी हे लिहिलं तर त्या ‘हो’ला वजन येतं. दुसरं, घटना तीच असली तरी दोन वेगळे गुण त्यातून दिसतात. त्यामुळे दुसऱ्या गुणासाठी ओढून-ताणून नवी घटना शोधावी लागली नाही.

‘मेहनती’ हा शब्द मसुद्यात कुठेच नाही, हे मुद्दाम आहे. स्त्रियांबद्दल लिहिताना आपला हात नकळत ‘मेहनती, मनमिळाऊ, शांत स्वभावाची’ याकडे जातो, आणि पुरुषाबद्दल तेच काम ‘निर्णयक्षम’ होतं. लिहून झाल्यावर त्या जागी पुरुष सहकारी असता तर हेच शब्द वापरले असते का, हे एकदा तपासून पाहा.

गुणांचे फॉर्म आणि फोन

एजन्सीचा फॉर्म असेल तर त्यात एक ते पाचमध्ये गुण द्यायचे असतात. सगळीकडे पाच दिले तर फॉर्म वाया जातो. आपल्या उदाहरणात समस्या सोडवण्याला पाच, लेखी कामाला तीन, आणि शेरा लिहायच्या जागेत तीन का, ते एका ओळीत. शेऱ्याची जागा रिकामी ठेवली तर वाचणारा त्या तीनचा वाटेल तो अर्थ लावतो.

फोनवर खरी अडचण पुढच्या प्रश्नांनी येते. ठरलेले प्रश्न संपल्यावर समोरून हलक्या आवाजात विचारलं जातं:

‘सर, आता ऑफ द रेकॉर्ड, काही प्रॉब्लेम होता का?’

‘मॅडम, जे सांगण्यासारखं होतं ते मी सांगितलं. रिपोर्टला उशीर व्हायचा, तेही सांगितलं. त्यापलीकडे माझ्याकडे काही नाही.’

‘नाही, म्हणजे सोडून का गेल्या?’

‘ते तुम्ही त्यांनाच विचारा. आमच्याकडून राजीनामा रीतसर मंजूर झालाय.’

एवढं बोलून थांबा. समोरची बाई गप्प बसली तर ती शांतता भरून काढायचा मोह होतो, आणि नको ते वाक्य तिथेच निघून जातं. फोन ठेवल्यावर तारीख, विचारणाऱ्याचं नाव आणि तुम्ही काय सांगितलं याच्या चार ओळी स्वतःकडे लिहून ठेवा. पुढे कधी ‘तुम्ही असं म्हणालात’ अशी गोष्ट आली तर त्या उपयोगी पडतात.

पत्र पाठवायच्या आधी तिला दाखवायचं का? माझ्या मते नाही. दाखवलं तर ती शब्द बदलायला सांगेल, तुम्हीही बदलाल, आणि ते तुमचं मत राहणार नाही. पण पाठवल्यावर फोन करून सांगा: ‘तक्रारीच्या कामाबद्दल लिहिलंय, आणि रिपोर्टला उशीर व्हायचा तेही लिहिलंय, शुक्रवारच्या वेळेचाही उल्लेख केलाय.’ मग मुलाखतीत तो प्रश्न आला तर ती गांगरणार नाही आणि तिचं उत्तर तुमच्या पत्राशी जुळेल.